लेझर अंतरमापक : मोजणीची रीत आणि दगा देणारे पृष्ठभाग

लेझर अंतरमापक म्हणजे समोरच्या पृष्ठभागावर लाल ठिपका पाडून, तिथून परत आलेल्या प्रकाशावरून अंतर सांगणारे हातात मावणारे उपकरण. लायका कंपनीने १९९३ मध्ये ‘डिस्टो’ या नावाने असे पहिले हातात धरायचे उपकरण बाजारात आणले. सोलापुरात आज फर्निचर करणारे सुतार, ॲल्युमिनियमच्या खिडक्या बसवणारे, पीओपीचे कारागीर आणि यंत्रमागाच्या शेड उभारणारे फॅब्रिकेटर यांच्या हातात ते दिसते. बोलताना सगळे त्याला ‘लेझर टेप’ किंवा नुसते ‘लेझर’ म्हणतात.

खोक्यावर साधारण दीड ते दोन मिलिमीटरची अचूकता छापलेली असते. हा आकडा खरा असतो, पण तो सावलीतल्या, पांढऱ्या, चकाकी नसलेल्या भिंतीचा असतो. सोलापुरात अशा भिंतींबरोबरच जुन्या वाड्यांचा काळा दगड आहे, नवी पेठेतल्या दुकानांच्या काचा आहेत आणि वर्षातले बरेच महिने रखरखीत ऊन आहे. या तिन्ही ठिकाणी मोजमाप बिघडते, पण बिघडण्याची तऱ्हा प्रत्येक ठिकाणी वेगळी असते. काळा दगड आणि ऊन बहुतेक वेळा आधी इशारा देतात. काच मात्र चुकीचा आकडा अगदी ठामपणे दाखवते, म्हणून तिची ओळख करून घेणे सर्वांत गरजेचे आहे.

अंतर कसे निघते

प्रकाश सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर धावतो. भिंत एक मिलिमीटर लांब सरकली, तर प्रकाशाला जाऊन यायला दोन मिलिमीटर जास्त चालावे लागते आणि त्याला सुमारे ६.७ पिकोसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाच्या जेमतेम पावणेसात पट. एवढा वेळ थेट मोजणारे घड्याळ स्वस्तात बसवणे अवघड असते. म्हणून या वर्गातली बहुतेक उपकरणे वेळेऐवजी कलांतर मोजतात.

त्यासाठी लेझरची प्रखरता ठरावीक वेगाने कमीजास्त केली जाते. समजा, या कमीजास्त होण्याची वारंवारता १०० मेगाहर्ट्झ आहे, म्हणजे सेकंदाला दहा कोटी वेळा. अशा एका चढउताराच्या वेळात प्रकाश ३ मीटर जातो, म्हणजे प्रखरतेच्या एका लाटेची लांबी ३ मीटर होते. प्रकाश जाऊन येत असल्यामुळे दर दीड मीटरला लाट पुन्हा तिथल्या तिथे येते. पाठवलेली लाट आणि परत आलेली लाट यांत किती अंशांचा फरक पडला, म्हणजे कलांतर किती, ते उपकरण पाहते. ३६० अंश म्हणजे दीड मीटर, तर एक मिलिमीटर म्हणजे फक्त ०.२४ अंश. इतका बारीक कोन ओळखायचा म्हणून हा संकेत आधी कमी वारंवारतेवर उतरवला जातो आणि मग हजारो लाटांची सरासरी काढली जाते.

उदाहरणार्थ, अंतर ७.२४० मीटर आहे. त्यात दीड मीटरचे चार पूर्ण टप्पे, म्हणजे ६ मीटर, आणि वर १.२४० मीटर. उपकरणाला कोन मिळतो २९७.६ अंश, आणि त्यावरून ते १.२४० ओळखते. टप्पे चार की पाच, हे या कोनातून कळत नाही. म्हणून लागलीच दुसऱ्या, बऱ्याच कमी वारंवारतेने मोजणी होते. १ मेगाहर्ट्झला टप्पा १५० मीटरचा असतो, त्यामुळे ‘सात मीटरच्या आसपास’ एवढे कळते आणि टप्पे चारच असल्याचे ठरते.

या सगळ्यात उपकरणाला भिंत ‘दिसत’ नाही. भिंगातून जो काही प्रकाश आत आला, तो कुठून का आलेला असेना, त्याची बेरीज होते आणि त्या बेरजेचा एकच कोन निघतो. पुढच्या सगळ्या अडचणींचे मूळ इथे आहे.

काळा दगड

खरखरीत पृष्ठभागावर पडलेला ठिपका सगळ्या दिशांना विखुरतो आणि त्यातला अगदी थोडा अंश भिंगापर्यंत परत येतो. अंतर दुप्पट झाले की तो चौथा हिस्सा उरतो. चुन्याची पांढरी भिंत पडलेल्या प्रकाशापैकी ८५ टक्के तरी परत टाकते. भुईकोट किल्ल्याच्या तटाला किंवा जुन्या वाड्यांच्या जोत्याला आहे तसला काळा पाषाण १० टक्क्यांच्या आसपास टाकतो, आणि ओला असेल तर आणखी कमी. म्हणजे संकेत साडेआठ पट क्षीण. वर्गाच्या नियमाने हिशेब केला, तर १० मीटरवरचा काळा दगड उपकरणाला २९ मीटरवरच्या पांढऱ्या भिंतीइतका अंधूक भासतो. गडद हिरव्या किंवा निळ्या रंगाचेही तसेच. असा रंग आपल्या डोळ्यांना उजळ वाटला तरी लाल प्रकाश तो गिळून टाकतो.

क्षीण संकेताची सरासरी काढायला वेळ लागतो. एरवी अर्ध्या सेकंदात येणारा आकडा दोन-तीन सेकंद घेतो, पुन्हा मोजले की चार-पाच मिलिमीटर इकडेतिकडे जातो, नाहीतर येतच नाही. लायकाच्या अनेक मॉडेलांवर अशा वेळी 255 हा क्रमांक येतो, म्हणजे परतलेला संकेत अपुरा आहे. घडीव दगडात आणखी एक भर पडते : ठिपका दरजेत पडला की उंचवट्यावर, यानेच सेंटीमीटरभर फरक पडतो. तो दोष उपकरणाच्या माथी मारू नये. ते तिथली खोली बरोबरच सांगत असते.

ऊन

ऊन कोन सरकवत नाही. सूर्यप्रकाश सेकंदाला दहा कोटी वेळा कमीजास्त होत नाही, त्यामुळे तो स्थिर प्रकाश म्हणून वजा करता येतो. वजा होत नाही ती त्याची गडबड, कारण प्रकाशकण एकसारखे न येता वेडेवाकडे येतात. जितके ऊन जास्त, तितकी ही गडबड जास्त.

प्रमाण पाहू. या उपकरणांचा लेझर वर्ग २ चा असतो, म्हणजे त्याची शक्ती एक मिलिवॅटपेक्षा कमी. १० मीटरवर ठिपका ६ मिलिमीटर व्यासाचा धरला, तर तेवढ्याच जागेवर दुपारचे ऊन सुमारे २८ मिलिवॅट टाकते. भिंगामागचा गाळणीचा थर लेझरच्या रंगाजवळचाच प्रकाश आत सोडतो, म्हणून काम निभावते.

लांबचे अंतर उन्हात आधी हातचे जाते, त्याचे कारण वेगळे आहे. ठिपक्याचा परतलेला प्रकाश अंतराच्या वर्गाने घटतो. उन्हात न्हालेल्या भिंतीचा प्रकाश मात्र घटत नाही, कारण लांब गेल्यावर भिंगाच्या नजरेत त्याच प्रमाणात भिंतीचा जास्त मोठा भाग येतो. खरा संकेत खाली येतो आणि गडबड होती तिथेच राहते. त्यामुळे कागदावर ५० मीटर मोजणारे उपकरण एप्रिलच्या दुपारी पश्चिमेच्या भिंतीवर दहा-पंधरा मीटरवरच अडते. त्यातून भिंत काळ्या दगडाची असेल तर याहूनही अलीकडे. पार्श्वभूमीचा प्रकाश फार झाला की लायकाच्या उपकरणांवर 257 दिसतो.

उपाय साधा आहे : ठिपक्यावर सावली करावी. छत्री, प्लायचा तुकडा, नुसता तळहात आडवा धरला तरी आकडा येतो. सगळ्या भिंतीवर सावली लागत नाही, उपकरण जिथे पाहते आहे तेवढीच जागा पुरते. लाल चष्म्याने ठिपका आपल्याला दिसतो, पण उपकरणाला त्याचा काहीच उपयोग होत नाही. शिवाय तो डोळ्यांचे लेझरपासून रक्षणही करत नाही.

काच

स्वच्छ काचेच्या प्रत्येक बाजूवरून सुमारे ४ टक्के प्रकाश परततो, आणि तोही विखुरत नाही, एकाच दिशेला जातो. झोत काचेला अगदी काटकोनात असेल तरच तो भिंगात येतो, अंशाचा थोडा भाग फरक पडला तरी बाजूने निघून जातो. उरलेला ९२ टक्के प्रकाश पलीकडे जातो आणि पलीकडे जे असेल त्याचे अंतर घेऊन येतो.

नवी पेठेतल्या टॉवेल-चादरींच्या एखाद्या दुकानाचे उदाहरण घेऊ. आतल्या भिंतीपासून दर्शनी काचेच्या आतल्या बाजूपर्यंतचे खरे अंतर ७.२४० मीटर आहे. काच १२ मिलिमीटरची, आणि तिच्या आतल्या बाजूपासून ३० सेंटीमीटरवर, बाहेर, खाली ओढलेले शटर. ठिपका काचेवर रोखला की आकडा येतो ७.५४६. यातले ७.५४० हे शटरचे अंतर, आणि वरचे ६ मिलिमीटर काचेत प्रकाश मंदावतो त्याचे : अपवर्तनांक १.५२, म्हणून १२ मिलिमीटरची काच प्रकाशाला १८ मिलिमीटर वाटते. ही चूक मोठी असल्याने कोणाच्याही लक्षात येते.

खरी अडचण काचेवर पांढरट फिल्म लावलेली असते तेव्हा होते. फिल्म बराचसा प्रकाश विखुरते, पण थोडा पलीकडे झिरपतो. शटरवरून परतणारा हिस्सा फिल्मवरून परतणाऱ्याच्या एक दशांश धरा. शटर प्रकाशाच्या हिशेबाने ३०६ मिलिमीटर मागे, म्हणजे १०० मेगाहर्ट्झला ७३ अंशांनी मागे. दोन लाटांची बेरीज केली की एकूण कोन ५.३ अंशांनी सरकतो, म्हणजे २२ मिलिमीटर. पडद्यावर ७.२६२ येतो. (उपकरणाची वारंवारता वेगळी असेल तर हा आकडाही थोडा वेगळा येईल.) संकेत भक्कम असल्यामुळे आकडा झटकन येतो आणि दहा वेळा मोजला तरी मिलिमीटरच्या आत तोच येतो. सुताराला शंका घ्यायला जागाच राहत नाही, आणि ७.२६ चा काउंटर ७.२४ च्या जागेत बसत नाही.

म्हणून पुन्हा पुन्हा मोजून काचेची चूक कधी सापडत नाही. परिस्थिती बदलून मोजावे लागते : शटर वर करून पाहावे, ठिपका हातभर सरकवून पाहावा. आकडा बदलला, तर काचेपलीकडून प्रकाश येतो आहे हे नक्की. सगळ्यांत खात्रीचे म्हणजे काचेला जाड पांढरा मॅट पुठ्ठा चिकटवून लावणे. पुठ्ठा २ मिलिमीटरचा असेल तर आकडा ७.२३८ येईल, त्यात जाडी मिळवावी. पातळ कागद वापरू नये, तो स्वतःच प्रकाश झिरपू देतो.

हाच पुठ्ठा काळ्या दगडावर आणि पॉलिश केलेल्या ग्रॅनाइटवरही चालतो. चकचकीत ग्रॅनाइट किंवा आरसा तिरका असेल, तर झोत तिथून उडी मारून दुसऱ्याच भिंतीवर जातो आणि दोन्ही टप्प्यांची बेरीज अंतर म्हणून दिसते. उलट आरशाला अगदी काटकोनात रोखले, तर संकेत इतका प्रखर होतो की लायकाचे उपकरण 256 दाखवते. संगमरवरात प्रकाश थोडा आत शिरून परततो, त्यामुळे आकडा काही मिलिमीटर जास्त येऊ शकतो.

उन्हाळ्यात एक गोष्ट वेगळी तपासावी. या उपकरणांची कामाची मर्यादा मॉडेलनुसार ४० ते ५० अंश सेल्सिअसपर्यंत असते. सोलापुरात मे महिन्यात सावलीतलेच तापमान ४० च्या वर जाते, आणि उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत त्याहून बरेच जास्त. लायकावर अशा वेळी 252 येतो. तेव्हा भिंतीत किंवा काचेत कारण शोधत बसू नये. उपकरण सावलीत ठेवून निवू द्यावे.