मनमाडहून लासलगाव आणि निफाड, तिकीट मात्र एकच

मनमाडच्या खिडकीवर लासलगावचं एक्स्प्रेसचं जनरल तिकीट मागा किंवा निफाडचं मागा, पैसे तेवढेच पडतात. लासलगाव साधारण 25 किलोमीटरवर आहे, निफाड 40 च्या आसपास. खिडकीवरचा माणूस चुकलेला नसतो. मेल-एक्स्प्रेसच्या द्वितीय श्रेणीत किमान 50 किलोमीटरचं भाडं धरतात. त्यामुळे पुढच्या स्टेशनला उतरा की तीन स्टेशनं सोडून उतरा, रेल्वेच्या हिशेबात तुम्ही 50 किलोमीटर गेलेले असता.

सुरुवातीला हिशेब सरळ होता. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदर-ठाणे गाडी धावली, अंतर 21 मैल. तिसऱ्या वर्गाचं भाडं 5 आणे 3 पै. आण्याचे 12 पै, म्हणजे एकूण 63 पै. 21 ने भागलं तर मैलाला बरोबर 3 पै येतात. जेवढे मैल तेवढे पैसे, मधे टप्पा नाही.

जाळं पसरलं तसा हा हिशेब खिडकीवर जड जाऊ लागला. नेहमीच्या स्टेशनांची तिकिटं जाड पुठ्ठ्यावर आधीच छापून येत. क्वचित मागितल्या जाणाऱ्या स्टेशनासाठी बाबू कोऱ्या छापील कागदावर हाताने तिकीट लिहायचा. आधी अंतराचं कोष्टक, मग भाड्याचा तक्ता, मग आकडा. रांग बाहेरपर्यंत गेलेली असताना दर किलोमीटरची वेगळी ओळ शोधत बसणं परवडणारं नव्हतं. टप्प्यांचा तक्ता अशा कामाला सोयीचा.

आजचे टप्पे असे: 300 किलोमीटरपर्यंत पाच-पाच किलोमीटरचे, 301 ते 1000 पर्यंत दहा-दहाचे, 2500 पर्यंत पंचवीसचे आणि त्यापुढे पन्नासचे. एका टप्प्यात बसणाऱ्या सगळ्या स्टेशनांचं भाडं एकच. 71 आणि 75 किलोमीटर एकाच ओळीत येतात, 75 आणि 76 मात्र वेगळ्या ओळींत. चार किलोमीटर जास्त जाणाऱ्याला काही जास्त पडत नाही आणि एकच किलोमीटर जास्त जाणारा वरच्या ओळीत जातो, हे म्हणूनच घडतं. शिवाय अंतर वाढेल तसा किलोमीटरमागचा दर उतरत जातो. लांबच्या प्रवासात मोठे टप्पे फारसे खुपत नाहीत ते त्यामुळे.

जानेवारी 2013 मध्ये आणखी एक थर चढला. सुट्ट्या पैशांची कटकट नको म्हणून भाडं पुढच्या पाचाच्या पटीत नेऊन ठेवायचं ठरलं. समजा, लागून असलेल्या तीन टप्प्यांचं भाडं तक्त्यात 41, 43 आणि 46 रुपये निघालं (आकडे फक्त समजण्यासाठी घेतले आहेत). पहिले दोन्ही 45 होतात, तिसरं थेट 50. मूळ टप्पा पाच किलोमीटरचा, पण खिशाच्या दृष्टीने तो दहाचा झाला. जवळच्या दोन स्टेशनांचं भाडं सारखं दिसण्यामागे आज टप्प्याइतकाच या पाचाच्या पटीचाही हात असतो, आणि लोकांच्या लक्षात नेमकं हेच येत नाही.

कोकणात गणित उलटं फिरतं. कोकण रेल्वे बांधायला आलेला खर्च भरून निघावा म्हणून तिथे प्रवासी भाड्यासाठी अंतर 40 टक्क्यांनी वाढवून धरतात. रुळावरचे 100 किलोमीटर तिकिटाच्या हिशेबात 140 होतात. चार किलोमीटरवरची दोन स्टेशनं हिशेबात साडेपाचच्या पुढे जातात, म्हणजे पाच किलोमीटरच्या एकाच टप्प्यात ती बसूच शकत नाहीत. देशावरच्या माणसाला रत्नागिरीकडचं तिकीट महाग वाटतं, ते उगाच नाही.

रोज जवळच जाणाऱ्यांना सर्वात जास्त लागतो तो किमान अंतराचा नियम. पॅसेंजरला ही मर्यादा 10 किलोमीटर आणि किमान भाडं 10 रुपये. 2020 मध्ये गाड्या थांबल्या आणि पुन्हा सुरू झाल्या तेव्हा अनेक पॅसेंजर गाड्यांना एक्स्प्रेसचं भाडं लागलं. गाडी तीच, प्रत्येक स्टेशनला थांबणारी, पण 10 रुपयांचं तिकीट 30 चं झालं. बाजाराला भाजी नेणारी बाई, कॉलेजची पोरं, सगळे 50 किलोमीटरचे पैसे भरत राहिले. मला हे अन्यायाचंच वाटत आलं आहे, कारण गाडीचा वेग वाढला नव्हता, वाढलं होतं ते फक्त धरलेलं अंतर. फेब्रुवारी 2024 च्या अखेरीस पॅसेंजरचं जुनं भाडं परत आलं.

म्हणून पैसे जास्त गेल्यासारखे वाटले तर तिकिटावर दोन गोष्टी पाहाव्यात: छापलेलं अंतर आणि गाडीचा प्रकार, साधारण की मेल-एक्स्प्रेस. लासलगावला पॅसेंजरनेच जायचं असेल, तर खिडकीवर तसं सांगून साधारण तिकीट मागावं. मात्र त्या तिकिटावर एक्स्प्रेसमध्ये चढता येत नाही. तपासनीस आला तर फरकाच्या जोडीला दंडही भरावा लागतो.