मालकाचा प्रश्न आणि ग्राहकाला विचारायचा प्रश्न

लहान उद्योगांसाठी बाजार-पाहणीची कामं घेताना एकच घोळ मला पुन्हा पुन्हा दिसतो. मालकाच्या मनातला प्रश्न जसाच्या तसा गूगल फॉर्ममध्ये उतरवला जातो.

डोंबिवलीच्या एक ताई थालीपीठ भाजणी विकतात, 500 ग्रॅमचं पाकीट. 200 ग्रॅमचं काढावं का, हा त्यांचा प्रश्न. त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं, "छोटं पाकीट आलं तर घ्याल का?" 52 पैकी 48 जण "हो" म्हणाले. छपाईवाला कमी पिशव्या करून देत नाही, म्हणून 1000 छापून घेतल्या. बहुतेक अजून माळ्यावर आहेत.

"काढावं का?" हा निर्णय आहे आणि तो ताईंनीच घ्यायचा. ग्राहकाला त्याचं उत्तर ठाऊक नसतं. "घ्याल का?" म्हटलं की ओळखीचा माणूस भिडेखातर हो म्हणतो, त्याच्या खिशातून काहीच जात नाही. ग्राहकाला ठाऊक असतं ते त्याने काय केलं एवढंच. म्हणून तेच विचारायचं: मागचं पाकीट कधी घेतलं? किती दिवस पुरलं? उरलं, खराब झालं? संपल्यावर पुन्हा मागवलं का, नसेल तर त्याऐवजी काय केलं?

काम माझ्याकडे आलं तेव्हा आधी ताईंना विचारलं, "कोणतं उत्तर आलं तर पाकीट काढणार नाही?" याला उत्तर नसेल तर मी पाहणी सुरूच करत नाही. त्यांचं ठरलं: निम्म्याहून जास्त घरांत 500 ग्रॅम वेळेत संपत असेल तर छोट्याचा विषय बंद.

मग सहा महिन्यांची ऑर्डरची वही घेऊन बसलो. आधीच हाताशी असलेली माहिती चाळायची सुरुवात मी इथूनच करतो, जनगणनेचे आकडे नंतर. बरीच नावं एकदाच आलेली. त्यांतल्या 30 जणांना फोन केले. 22 घरांत पाकीट महिन्याच्या आत संपलं होतं. पुन्हा का मागवलं नाही? "नंबर सापडला नाही", "लक्षातच राहिलं नाही". आकाराची तक्रार तिघांची.

प्रश्न बरोबर असला की फॉर्म की फोन, पाच प्रश्न की आठ, याने फारसं बिघडत नाही.

अहवाल एका पानाचा दिला. पहिली ओळ: छोटं पाकीट काढू नका, पाकिटावर ऑर्डरचा नंबर ठळक छापा आणि तीन आठवड्यांनी ग्राहकाला आठवणीचा मेसेज करा. खाली "30 पैकी 22". "73 टक्के" लिहिलेलं मला अजिबात खपत नाही. तीस ओळखीच्या ग्राहकांवरून अख्ख्या डोंबिवलीचा अंदाज काढल्यासारखं वाटतं. त्याखाली आणखी एक ओळ: ज्यांनी भाजणी कधीच घेतली नाही, त्यांच्याबद्दल या पाहणीतून काहीही कळत नाही.