कागदाचा एकशिंगी घोडा आणि उघडे राहिलेले शेवट

‘ब्लेड रनर’ या चित्रपटाच्या शेवटावरून मी आणि माझा एक मित्र एकदा तासभर तावातावाने भांडलो. त्यात रेप्लिकंटांना, म्हणजे बनवलेल्या कृत्रिम मानवांना, शोधून मारणारा डेकार्ड हा माणूस नसून स्वतःच रेप्लिकंट आहे, असं तो ठामपणे सांगत होता. मी म्हणालो, “अरे, शेवटी तो आणि त्याची रेप्लिकंट प्रेयसी रेचल गाडीतून डोंगरातून निघून जातात, तिथे असलं काही सुचवलेलंसुद्धा नाही.” त्यावर तो थांबला आणि म्हणाला, “कुठले डोंगर?”

तेव्हा उलगडलं. मी 1982ची मूळ आवृत्ती पाहिली होती, त्याने 2007ची. आम्ही एकाच नावाच्या दोन वेगळ्या चित्रपटांवर वाद घालत होतो. आता शेवटाबद्दल बोलायचं म्हटलं की माझा पहिला प्रश्न असतो, ‘तू कुठली आवृत्ती पाहिलीस?’ दुसरा प्रश्न सुचायला मात्र मला बरीच वर्षं लागली, आणि त्यासाठी थोडं मागे जावं लागतं.

शेवट बंद असणं ही सिनेमाची नैसर्गिक अवस्था आहे असं आपण धरून चालतो. हॉलिवूडपुरतं बोलायचं तर त्यामागे नियमही होते. तिथल्या स्टुडिओंनी 1930मध्ये स्वतःसाठी एक आचारसंहिता मान्य केली आणि 1934पासून ती कडकपणे लागू झाली. पडद्यावर गुन्हा फायद्याचा ठरता कामा नये, हा तिचा एक गाभा होता. गुन्हेगाराला शिक्षा व्हायची असेल तर आधी गुन्हेगार कोण हे निश्चित व्हावं लागतं, आणि त्याचं पुढे काय झालं हेही प्रेक्षकाला दिसावं लागतं. त्यामुळे ‘त्यानेच केलं की नाही, तुम्हीच ठरवा’ असं म्हणून पडदा पाडायला फारशी जागाच उरत नव्हती. 1968मध्ये या संहितेच्या जागी वयानुसार वर्गवारीची पद्धत आली. नंतरच्या अमेरिकी चित्रपटांत शेवट सैलावले त्याचं हे एकमेव कारण नसेल, पण एक मोठं कुलूप निघालं हे खरं.

दरम्यान युरोपात दोन चित्रपटांनी शेवटाची भाषा बदलून टाकली होती, आणि दोघांच्या वाटा वेगळ्या होत्या.

पहिला फ्रान्स्वा त्रुफोचा ‘फोर हंड्रेड ब्लोज’, 1959चा. सुधारगृहातून पळालेला आंत्वान धावत धावत समुद्रापाशी पोचतो. पाण्यात पाय घालतो, मागे वळतो, थेट आपल्याकडे पाहतो आणि चित्र तिथेच गोठतं. कॅमेरा त्या गोठलेल्या चेहऱ्याच्या जवळ जातो आणि सिनेमा संपतो. इथे काय घडलं याबद्दल तिळमात्र शंका नाही. पुढे काय होणार, तेवढंच सांगितलेलं नाही. गंमत अशी की त्रुफोने ते नंतर सांगितलंही: त्याच नटाला घेऊन त्याने 1979पर्यंत आंत्वानच्या आयुष्यावर आणखी चित्रपट केले. आंत्वान मोठा होतो, प्रेमात पडतो, लग्न करतो, हे सगळं आपल्याला कळतं. तरीही त्या किनाऱ्यावरच्या चेहऱ्याचा जोर कमी होत नाही. उत्तर मिळाल्यावरही जो शेवट तितकाच झोंबतो, तो मुळात कोडं नव्हताच.

दुसरा मिकेलांजेलो अंतोनियोनीचा ‘लाव्हेंतुरा’, 1960चा. काही श्रीमंत मित्रमंडळी बोटीने एका खडकाळ बेटावर जातात आणि आना नावाची मुलगी नाहीशी होते. शोध सुरू होतो. शोधता शोधता तिचा प्रियकर सांद्रो आणि तिची मैत्रीण क्लाउदिया एकमेकांच्या जवळ येतात, आणि हळूहळू आनाचं नाव निघणंच बंद होतं. ती बुडाली, पळाली की आणखी काही झालं, हे चित्रपट कधीच सांगत नाही. कान महोत्सवातल्या पहिल्या खेळाला प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. दुसऱ्या दिवशी अनेक चित्रकर्मी आणि समीक्षकांनी सह्या करून चित्रपटाच्या बाजूने निवेदन काढलं, त्यांत रोबेर्तो रोसेलिनीही होता, आणि शेवटी त्याच महोत्सवात चित्रपटाला ज्यूरींचा पुरस्कार मिळाला. लोक चिडले ते समजण्यासारखं आहे. रहस्यकथेची सुरुवात देऊन रहस्य सोडून देणं हा त्यांना करारभंग वाटला. पण आनाला विसरणं हेच तर पडद्यावर घडत असतं. तिचा पत्ता लागला असता तर सांद्रो-क्लाउदियाचं विसरणं माफ झालं असतं.

या दोन शेवटांत फरक आहे, आणि माझ्या मते मित्रांमधली निम्मी भांडणं तो न ओळखल्याने होतात. एका प्रकारात जे झालं ते स्पष्ट असतं आणि जे होईल ते मोकळं सोडलेलं असतं. दुसऱ्यात जे झालं तेच धूसर असतं. पहिल्याला मी मोकळा शेवट म्हणतो, दुसऱ्याला संदिग्ध. असगर फरहादीच्या ‘अ सेपरेशन’मध्ये (2011) न्यायाधीश मुलीला विचारतात की तुला आईकडे राहायचंय की वडिलांकडे. ती सांगणार तेवढ्यात आईवडिलांना बाहेर पाठवलं जातं, आणि काचेच्या दाराच्या दोन बाजूंना ते दोघं थांबलेले असताना श्रेयनामावली सुरू होते. हा मोकळा शेवट. ‘तिने कोणाला निवडलं असेल’ यावर पैज लावण्यात अर्थ नाही, कारण चित्रपटाने त्याचे पुरावे पेरलेलेच नाहीत. विचारायचं ते हे, की आपल्यालाही त्या दोघांबरोबर बाहेरच का थांबवलं? संदिग्ध शेवटाचं तसं नसतं. तिथे पुरावे असतात आणि ते तपासावे लागतात. म्हणून माझा दुसरा प्रश्न असतो, ‘आपण जे झालं त्याबद्दल बोलतोय, की जे होईल त्याबद्दल?’

‘ब्लेड रनर’ दुसऱ्या प्रकारचा आहे, आणि त्याची संदिग्धता कशी तयार झाली हे टप्प्याटप्प्याने दिसतं. 1982मध्ये प्रदर्शनाआधी डेन्व्हर आणि डॅलसला चाचणी खेळ झाले. प्रेक्षकांना चित्रपट उदास आणि गोंधळाचा वाटला. मग डेकार्डच्या आवाजातलं निवेदन घातलं गेलं आणि सुखाचा शेवट जोडला गेला: दोघं शहराबाहेर, हिरव्या डोंगरांत. ती वरून घेतलेली डोंगरांची दृश्यं कुब्रिकच्या ‘द शायनिंग’साठी चित्रित करून न वापरलेली होती. निवेदनात डेकार्ड सांगतो की इतर रेप्लिकंटांसारखी रेचलच्या आयुष्याला ठरलेली मुदत नाही. म्हणजे शंकेला जागा राहिली असती तिथेही उत्तर देऊन टाकलं. मला दिसलेले डोंगर ते हेच.

1992च्या आवृत्तीतून निवेदन आणि डोंगर दोन्ही काढले आणि एक छोटासा शॉट घातला. डेकार्ड पियानोपाशी बसलेला असताना त्याला स्वप्नासारखा जंगलातून दौडत येणारा एकशिंगी घोडा दिसतो. काही सेकंदच. 2007च्या आवृत्तीतही तो आहे.

आता शेवटचा प्रसंग. डेकार्ड रेचलला घेऊन घरातून निघतो आणि जमिनीवर त्याला चांदीच्या कागदाचा घडी घालून केलेला एकशिंगी घोडा सापडतो. असल्या घड्या घालायची सवय गॅफ या पोलिसाची. हा कागदी घोडा 1982च्या आवृत्तीतही आहे. तिथे त्याचा अर्थ सरळ लागतो: गॅफ इथे येऊन गेला, रेचल त्याच्या हाती होती आणि त्याने तिला सोडलं. पण स्वप्नाचा शॉट आधी पाहिलेला असेल तर तोच घोडा वेगळं बोलतो. डेकार्डच्या मनातलं चित्र गॅफला कसं कळलं? आठवा, चित्रपटात आधी डेकार्डनेच रेचलला तिच्या लहानपणीची कोळ्याची आठवण सांगून दाखवलेली असते. तिने कोणालाही न सांगितलेली ती आठवण त्याला ठाऊक असते, कारण ती तिच्या डोक्यात घातलेली असते. मग डेकार्डचं स्वप्नही तसंच घातलेलं असेल का? एक शॉट वाढला आणि कागदाच्या तुकड्याचा अर्थ फिरला.

म्हणून भांडताना आम्ही आता ‘मला काय वाटतं’पासून सुरुवात करत नाही. आधी शेवटची दोन मिनिटं जशी दिसली तशी सांगायची: कोण कुठे उभं होतं, हातात काय होतं, आवाज कुठला होता. इथेच निम्मी माणसं अडतात, कारण लक्षात राहिलेलं आणि पडद्यावर असलेलं यांत अंतर असतं. मग प्रत्येकाने आपल्या मताच्या विरोधात जाणारी एक गोष्ट स्वतः मांडायची. माझा मित्र डेकार्डला रेप्लिकंट मानतो, तर त्याला हे सांगावं लागतं की डेकार्ड प्रत्येक रेप्लिकंटकडून मार खातो, त्याच्यात त्यांची ताकद दिसत नाही. मी त्याला माणूस मानतो, तर मला हे कबूल करावं लागतं की रेप्लिकंटांच्या डोळ्यांत दिसते तशी तांबूस चमक एका शॉटमध्ये मागे उभ्या असलेल्या डेकार्डच्या डोळ्यांतही दिसते. आणि हे मीच पाहिलेल्या 1982च्या आवृत्तीतसुद्धा.

चित्रपटाचे अभ्यासक डेव्हिड बोर्डवेल यांनी 1979च्या एका लेखात मांडलेला क्रम इथे कामाला येतो. कला-चित्रपटात काही खटकलं की प्रेक्षक आधी वास्तवातलं कारण शोधतो: आयुष्यात धागे असे सुटतातच का, की हे पात्राच्या मनात चाललंय? त्याने भागलं नाही की तो दिग्दर्शकाकडे वळतो: इथे मला काय सांगितलं जातंय? बरेचदा आपण थेट दुसऱ्या पायरीवर उडी मारतो आणि ‘सगळं प्रतीकात्मक आहे’ म्हणून विषय संपवतो. एकशिंगी घोडा निरागसतेचं प्रतीक आहे असं म्हटलं की कागदाची ती घडी कोणी घातली हा साधा प्रश्न मागे पडतो.

राहता राहिला दिग्दर्शकाचा शब्द. रिडली स्कॉटने मुलाखतींत डेकार्ड रेप्लिकंट असल्याचं सांगितलं आहे. ती भूमिका करणारा हॅरिसन फोर्ड मात्र अनेक वर्षं तो माणूसच आहे अशी बाजू मांडत आला. वादात कोणी स्कॉटची मुलाखत पुढे केली की मी ती ऐकून बाजूला ठेवतो. मुलाखत पडद्यावर नाही, घोडा आहे. 2017च्या पुढच्या भागात डेकार्ड परत आला, म्हातारा झालेला, आणि त्या चित्रपटानेही या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही.

मित्राला मी नंतर 1982ची आवृत्ती दाखवली. डोंगर आले तेव्हा तो काहीच बोलला नाही. मग त्याने चित्र मागे घेतलं, डेकार्ड खाली वाकून कागदाचा घोडा उचलतो तिथे थांबवलं आणि मला विचारलं, “स्वप्न नाहीच, तर मग हा मान कशाला हलवतोय?”