पीस लिलीने मान टाकली? झारी उचलण्याआधी कुंडी उचलून बघा

पीस लिलीची पाने लोंबली की आपला हात आधी झारीकडे जातो. जरा थांबा. हे झाड तहानेने जसे मान टाकते, अगदी तसेच मुळे कुजल्यावरही टाकते. कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही, त्यामुळे ओल्याचिंब मातीत झाड तहानलेले राहते. त्यात आणखी पाणी घातले, की मातीतली उरलीसुरली हवा जाते आणि धड असलेली मुळेही सडतात.

कुंडी उचलून पाहिली की निम्मे उत्तर मिळते. कोरडी कुंडी उचलताच हलकी लागते. मग आइस्क्रीमची लाकडी काडी कडेने तीन-चार इंच आत खुपसा आणि दहा मिनिटांनी काढा. नुसते बोट वर टेकवून ठरवू नका. कुंडीतले कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, वरून सुकलेले दिसते आणि आत ओले असते. आमच्याकडे येणारी बरीचशी झाडे याच चुकीने गेलेली असतात.

काडी कोरडी निघाली तर झाडाला पाणीच हवे आहे. पण पार सुकलेले कोकोपीट पाणी धरत नाही, ते कडेने खाली निघून जाते. म्हणून भोके असलेली कुंडी अर्धा तास पाण्याच्या टबात ठेवा आणि नंतर निथळू द्या. काही तासांत पाने उभी राहू लागतात. दुसऱ्या दिवशीही उठली नाहीत, तर मुळे पाहावीच लागतील.

काडी ओली निघाली, कुंडी जड आहे आणि तरीही पाने खाली, तर पाणी बंद करा आणि झाड मातीच्या गोळ्यासकट बाहेर काढा. चांगले मूळ पांढरट आणि टणक असते. कुजलेले तपकिरी, गिळगिळीत असते. चिमटीत ओढले की साल निघून हातात नुसता दोरा उरतो. आंबूस वासही येतो.

गेल्या पावसाळ्यात एक ताई असेच झाड घेऊन आल्या. बाहेरच्या चिनी मातीच्या शोभेच्या कुंडीला भोक नव्हते, तळाशी दोन बोटे पाणी साचले होते, आणि त्या रोज पेलाभर घालतच होत्या. जेमतेम तिसरा हिस्सा मुळे शाबूत होती. कुजलेली सगळी स्वच्छ कात्रीने कापली, पिवळी पाने काढली आणि आठ इंची कुंडीतून झाड पाच इंचीत हलवले. थोड्या मुळांना मोठी कुंडी दिली, तर माती दिवसेंदिवस ओलीच राहते. माती, कोकोपीट आणि परलाइटचे हलके पांढरे दाणे असे नवे मिश्रण भरले, एकदाच पाणी दिले, खत अजिबात नाही. नवे पान यायला महिना लागला.

बुंधाच मऊ पडला असेल तर झाड वाचत नाही. तेव्हा ती माती दुसऱ्या कुंडीत वापरू नका.

शंका असेल तर झाड आमच्याकडे कुंडीसकट आणा. मुळे धुऊन आणू नका. माती किती ओली आहे, तेच आम्हाला आधी पाहायचे असते.