पारदर्शक पीएनजी (व्यक्तीचा कटआउट)

छायाचित्रातील व्यक्ती मागच्या दृश्यापासून वेगळी काढून, भोवतालची जागा पारदर्शक ठेवून जतन केलेली चित्रफाइल. खानदेशातील (जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्हे) फ्लेक्सच्या दुकानांत या फाइलला नुसते ‘पीएनजी’ म्हणतात आणि ती बनवण्याच्या कामाला ‘कटिंग’. ‘भाऊना पीएनजी शे का?’ या अहिराणी प्रश्नाचा अर्थ तिथे सगळ्यांना कळतो. वाढदिवस, निवडणूक, कानबाईचा उत्सव, श्रद्धांजली अशा वेगवेगळ्या फलकांवर एकाच माणसाचा एकच कटआउट वर्षानुवर्षे वापरला जातो. त्यामुळे पहिल्यांदा राहिलेला कडेचा दोष पुढच्या प्रत्येक फलकावर उतरतो.

उगम : चित्रातील प्रत्येक बिंदूला लाल, हिरवा व निळा या रंगांसोबत ‘किती झाकतो’ हे सांगणारी चौथी संख्या देण्याच्या पद्धतीला अल्फा म्हणतात. तिचे श्रेय कोणाला द्यावे याबद्दल एकवाक्यता नाही. चित्रपटांत दृश्याचा कोणता भाग झाकायचा हे ठरवणारा मॅट वापरून दोन दृश्ये जोडण्याची युक्ती संगणकाच्या बरीच आधीची आहे, त्यामुळे काही लेखक अल्फाला तिचेच अंकीय रूप मानतात. आल्वी रे स्मिथ यांच्या कथनानुसार, त्यांनी व एड कॅटमल यांनी न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत 1977 च्या सुमारास ही चौथी वाहिनी चित्राचाच भाग केली. दोन चित्रांच्या मिश्रणाच्या सूत्रातील ग्रीक अक्षरावरून तिला अल्फा हे नाव पडले. टॉमस पोर्टर व टॉम डफ यांनी 1984 मध्ये या मिश्रणाचे पद्धतशीर बीजगणित मांडले आणि रंग आधीच अल्फाने गुणून ठेवण्याची रीत रूढ केली. कल्पना जुनी मानली तरी मॅट चित्राबरोबरच साठवणे ही वेगळी पायरी होती. म्हणून वाहिनीचे श्रेय पहिल्या जोडीला आणि गणिताचे दुसऱ्या जोडीला देणे अधिक सयुक्तिक वाटते.

पीएनजीची जुळवाजुळव 1995 च्या आरंभी झाली. जीआयएफमधील संकोचन-पद्धतीवरील पेटंटचा वाद त्याला निमित्त ठरला. ऑक्टोबर 1996 मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने या स्वरूपाची शिफारस केली. जीआयएफमध्ये बिंदू पूर्ण दिसतो किंवा अजिबात दिसत नाही, तर पीएनजीच्या नेहमीच्या फाइलमध्ये अल्फा 0 ते 255 अशा पायऱ्यांनी बदलतो. पीएनजीने गुणलेला रंग न ठेवता रंग व अल्फा वेगवेगळे ठेवले. याचा व्यवहारातला परिणाम असा, की कडेच्या अर्धपारदर्शक बिंदूचा रंग त्या माणसाचा स्वतःचाच असावा लागतो. मागच्या भिंतीचा अंश त्यात राहिला, तर तो फाइलबरोबर सगळीकडे जातो.

पांढरी किनार : काळे केस, मागे चुन्याची भिंत. केसांची उजळता 40 आणि भिंतीची 240 धरू. कॅमेऱ्याच्या एका बिंदूत अर्धा केस व अर्धी भिंत आली, तर नोंद होते ती 140 ची. कटिंग करणाऱ्याने त्या बिंदूचा अल्फा बरोबर निम्मा ठेवला, पण रंग 140 च राहू दिला, असे समजू. मिश्रणाचे सूत्र असे :

```
दिसणारा = α × रंग + (1 − α) × नवी पार्श्वभूमी
```

श्रद्धांजलीच्या गडद फलकावर, जिथे पार्श्वभूमी 30 आहे, हा बिंदू 85 दिसतो. खरा रंग 40 असता तर तो 35 दिसला असता. हा फरक डोक्याभोवती राखाडी-पांढऱ्या वलयासारखा उठतो. पांढऱ्या फलकावर, जिथे पार्श्वभूमी 240 आहे, तोच बिंदू 190 येतो, यायला हवा होता 140. तिथे कडेचे केस थोडे विरळ वाटतात इतकेच, किनार जाणवत नाही. म्हणूनच वाढदिवसाच्या फिक्या फलकावर चालून गेलेला पीएनजी वर्षभराने काळ्यावर ठेवला की बिघडलेला दिसतो. अल्फा बरोबर असूनही हा दोष राहतो. नुसता फेदर, म्हणजे कडेचा मऊपणा, वाढवल्याने तो जात नाही, उलट भिंतीचे आणखी बिंदू आत येतात.

दुरुस्ती : खांदे, बाह्या, सदऱ्याची कड यांना पेन टूलने पाथ मारतात. पाथ कडेच्या एक-दोन बिंदू आतून नेतात व निवडीला अर्ध्या बिंदूचा फेदर देतात. केसांना पाथ मारणे व्यर्थ आहे. फोटोशॉपमध्ये त्यासाठी Select and Mask मधील Refine Edge ब्रश फक्त केसांच्या कडेवर फिरवतात, Decontaminate Colors लावतात आणि निकाल New Layer with Layer Mask असा घेतात. ही सोय कडेच्या बिंदूंना आतला शेजारचा रंग देते. त्यामुळे साडीच्या बारीक जरीकाठावर ती लावल्यास काठाची चमक पुसली जाते. तिथे हाताने केलेले बरे : वर नवा लेयर घेऊन तो Ctrl+Alt+G ने खालच्या लेयरला बांधावा, लगतचा खरा रंग उचलून मऊ ब्रशने कडेवर भरावा. अल्फाला धक्का लागत नाही, फक्त रंग बदलतो.

खानदेशात दोन प्रकार वारंवार अडवतात. पांढऱ्या भिंतीपुढची पांढरी टोपी हा पहिला. तिथे फरकच नसल्याने कोणतेही साधन कड शोधू शकत नाही. टोपीची घडी पाहून रेषा हातानेच ओढावी लागते. दुसरा रावेर-यावलकडच्या केळीच्या बागेत काढलेल्या फोटोंचा. पानांवरून परतलेला हिरवा उजेड पांढऱ्या सदऱ्याच्या बाहीवर व गळ्याखाली पडतो. तो कडेपुरता नसतो, कापडावर बोटभर आत पसरतो. त्यासाठी Hue/Saturation मध्ये Greens निवडून त्या भागापुरती रंगाची तीव्रता उतरवतात.

तपासणी : कटआउटखाली काळा, पांढरा व भगवा असे तीन सपाट लेयर आळीपाळीने ठेवून पाहावे. त्यानंतर लेयरला तात्पुरती पाच बिंदूंची लाल Stroke द्यावी. डोळ्यांना न दिसणारे, पुसायचे राहिलेले बिंदू लाल ठिपक्यांसारखे उघडे पडतात. ही Stroke जतन करण्यापूर्वी काढायची असते. सावली किंवा चमकती बाह्यरेषाही फाइलमध्ये ठेवू नये. ती प्रत्येक फलकाच्या उजेडाप्रमाणे वेगळी द्यावी लागते.

आकार : फलकावर माणूस चार फूट उंच हवा असेल, तर इंचाला 72 बिंदू या हिशेबाने 3,456 बिंदूंची उंची लागते. मोबाइलवरून आलेला 1,200 बिंदूंचा फोटो तेवढा ताणला तर एक बिंदू साधारण एक मिलिमीटरचा होतो आणि दोन बिंदूंची किनार दोन मिलिमीटर रुंद छापली जाते. पीएनजीत छपाईचे चार रंग साठवता येत नाहीत. ते रूपांतर अंतिम फलक तयार करतानाच करावे लागते. मूळ लेयर असलेली पीएसडी वेगळी जपतात, कारण Decontaminate Colors ने बदललेले रंग पीएनजीतून परत मिळत नाहीत.

व्हॉट्सॲपवर पीएनजी फोटो म्हणून पाठवला की तो जेपीईजी होतो. जेपीईजीत अल्फाला जागाच नसल्याने पारदर्शकता जाऊन मागे सपाट रंग भरला जातो. म्हणून तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवतात.