औष्णिक-लवणीय अभिसरण

तापमान आणि खारटपणा यांमुळे पाण्याची घनता बदलते. या फरकातून महासागरांत जे खोल आणि अतिशय संथ अभिसरण चालते, त्याला ही संज्ञा आहे. ‘वाहक पट्टा’ हे त्याचे लोकप्रिय नाव. प्रत्यक्षात मात्र असा एकसंध पट्टा कुठे नसतो.

ठाणे आणि नवी मुंबई यांच्यामधल्या खाडीत यातला खारटपणाचा भाग दरवर्षी दिसतो. उन्हात पाणी आटून खारट होते (मिठागरे त्यावरच चालत आली), आणि पावसाळ्यात खारटपणा उतरतो. पण खाडी उथळ आहे आणि भरती-ओहोटी पाणी घुसळत राहते, त्यामुळे खारट पाणी वेगळे होऊन खाली बसत नाही. बाहेरचा अरबी समुद्रही चांगलाच खारट आहे, किलोमागे सुमारे ३६ ग्रॅम क्षार. तरी त्याचे पाणी तळ गाठत नाही, कारण ते उबदार असते. त्याच्या तळाशी असलेले गार पाणी दक्षिणेकडून, अंटार्क्टिकाच्या बाजूने येते.

पाणी खोलवर बुडण्याची मोठी जागा उत्तर अटलांटिकमध्ये, ग्रीनलंडच्या आसपास आहे. उष्ण कटिबंधातून खारट पाणी तिथे पोहोचते आणि हिवाळी वारे त्याची उष्णता काढून घेतात. ३५ ग्रॅम क्षारांचे पाणी १० अंशांवरून २ अंशांवर उतरले, की एका घनमीटरचे वजन सुमारे एक किलोने वाढते. एवढ्याशा फरकाने ते दोन-तीन किलोमीटर खाली जाऊ शकते. मात्र त्याच पाण्यात किलोमागे एक ग्रॅम क्षार कमी असले, तर घनमीटरमागे सुमारे ८०० ग्रॅम वजन घटते आणि थंडीने केलेले बहुतेक काम वाया जाते. वितळत्या बर्फाचे गोडे पाणी म्हणूनच अडचणीचे ठरते. बुडणे मंदावले, की दक्षिणेकडून येणारे खारट पाणीही कमी होते आणि बुडणे आणखी मंदावते. समुद्रशास्त्रज्ञ हेन्री स्टॉमेल यांनी १९६१ साली साध्या गणिती प्रतिमानातून हे दाखवले.

घनतेचा फरक एकटा हे चक्र चालवत नाही. खोल पाणी पुन्हा वर आणायला वारा आणि भरती-ओहोटीची ऊर्जा लागते. दक्षिण महासागरातल्या पश्चिमी वाऱ्यांचा वाटा त्यात मोठा आहे. पूर्ण फेरीला सुमारे हजार वर्षे लागतात.

अटलांटिकमधील हे अभिसरण उत्तरेकडे उष्णता नेते. वायव्य युरोपचा हिवाळा सौम्य राहण्यामागे तेही एक कारण आहे. २००४ पासून २६.५ अंश उत्तर अक्षांशावर यंत्रांच्या साखळीने ते मोजले जाते. तिथे सेकंदाला सरासरी सुमारे १.७ कोटी घनमीटर पाणी वाहते, पण वर्षागणिक चढउतार इतके असतात, की दोन दशकांच्या नोंदींवरून दीर्घकालीन घट वेगळी काढणे अवघड जाते. सुमारे १२,९०० वर्षांपूर्वी ते मंदावले असावे. तेव्हा उत्तर अटलांटिकचा परिसर गारठला, उष्ण कटिबंधातला पावसाचा पट्टा दक्षिणेकडे सरकला आणि आपला मोसमी पाऊसही क्षीण झाला. अरबी समुद्राच्या तळातल्या गाळात त्याच्या खुणा सापडतात.