बेडशीट-टॉवेल घेताना आकडा वाचा, पण वजनकाटा पण काढा

आमचं दुकान सोलापूरला, आणि काउंटरवर रोज येणारा प्रश्न एकच, "थ्रेड काउंट किती?" कोणी म्हणतं ऑनलाइन 1000 वालं मिळतंय मग तुमचं 300 वालं का घेऊ, आणि प्रश्न बरोबरच आहे, म्हणून हा कागद. शेवटपर्यंत वाचा, घरचा किचनचा काटा आणि मेजरिंग टेप एवढंच लागणार आहे.

आधी थ्रेड काउंट म्हणजे काय ते. एक इंच बाय एक इंच कापडात उभे धागे मोजा, आडवे मोजा, बेरीज करा, झालं. पण धागा किती बारीक आहे हे त्या आकड्यात कुठेच येत नाही. ते सुताच्या नंबरावरून कळतं, 40, 60, 80 असे नंबर, नंबर जेवढा मोठा तेवढा धागा बारीक. बाजारातल्या बहुतेक कॉटन बेडशीट 40 ते 80 मधल्याच असतात, महागड्या मालात 100 पण येतो. आता एका इंचात धागे मावणार किती याला मर्यादा आहेच ना, म्हणून आकडा फुगवायला काय करतात तर दोन-तीन पदर पिळून एक धागा करायचा आणि मोजताना पदर मोजायचे. 300 धाग्यांचं दोनपदरी कापड असं 600 म्हणून विकलं जातं. अमेरिकेत यावरून 2005 मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनच्या अधिकाऱ्यांनी टेक्स्टाइल संघटनेला पत्रच लिहिलं की पदर मोजून आकडा दिला तर ग्राहकाची दिशाभूल होऊ शकते, लिहायचंच तर "300 थ्रेड काउंट, दोनपदरी सूत" असं लिहा.

आता वजनाकडे येऊ. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापड किती ग्रॅम भरतं. आणि थ्रेड काउंट, सुताचा नंबर, जीएसएम ही तिन्ही एकमेकांना बांधलेली आहेत, कारण कापडाचं वजन म्हणजे शेवटी धाग्यांचंच वजन. आमचा ठोकताळा असा: थ्रेड काउंटला सुताच्या नंबराने भागा आणि 25 ने गुणा, अंदाजे जीएसएम येतो. 300 काउंट 60 नंबरी सुतात असेल तर 300 भागिले 60 म्हणजे 5, गुणिले 25 म्हणजे 125 जीएसएम. थोडं इकडेतिकडे होतं पण दुप्पट-तिप्पट फरक पडत नाही.

मागे एक ताई त्यांची बेडशीट घेऊन आल्या, पाकिटावर 1000 थ्रेड काउंट, शुद्ध कॉटन, आणि चार धुण्यात गोळे धरायला लागलेले. साइज 108 बाय 108 इंच, म्हणजे 2.74 मीटर बाय 2.74, साधारण साडेसात चौरस मीटर. काट्यावर ठेवली, 1050 ग्रॅम. 1050 भागिले साडेसात, 140 जीएसएम. आता उलटं गणित करू, 1000 गुणिले 25 भागिले 140, म्हणजे सुताचा नंबर 178 च्या आसपास यायला हवा, आणि एवढं बारीक सूत त्या भावाच्या बेडशीटमध्ये येणं शक्यच नाही. खरंच 100 नंबरी सुतात 1000 काउंट असता तर 250 जीएसएम आला असता आणि तेवढीच बेडशीट पावणेदोन ते दोन किलोची भरली असती!! मग भिंगाखाली धरून मोजली, उभे 200 आडवे 130, म्हणजे 330. पदर मोजले असतील म्हणावं तर कडेचा एक धागा काढून उलटा पिळला, पदर सुटतायत का बघायला, तर धागा एकेरीच निघाला. म्हणजे पदराचा पण हिशोब नाही, आकडाच खोटा. ताईंना वाईट वाटलं, आम्हालाही वाटलं, कारण 330 काउंट वाईट अजिबात नाही, पण 1000 चे पैसे गेले ना. आणि गोळे काउंटमुळे धरत नाहीत, कापसाचा तंतू आखूड असला की टोकं धाग्यातून बाहेर येतात आणि घासून गोळे होतात.

हे वजन घरी करताना बेडशीट एकदा धुऊन, कडक वाळवून मगच करा, नवीन कापडात खळ असते, ती वजन वाढवते. धुतल्यावर कापड आटतं पण, म्हणून माप परत घ्या, पाकिटावरचं धरू नका.

टॉवेलला थ्रेड काउंट विचारू नका प्लीज, तिथे पाणी ओढतात ते लूप, आणि लूप किती दाट नि उंच ते जीएसएममध्ये दिसतं. 75 बाय 150 सेंटीमीटरचा टॉवेल म्हणजे 1.125 चौरस मीटर, 500 जीएसएमचा असेल तर 560 ग्रॅमच्या आसपास भरायला हवा. त्याच मापाच्या टॉवेलच्या लेबलवर 550 जीएसएम आणि काट्यावर 480 ग्रॅम असेल तर तो 430 चा पण नाही. पाचेक टक्के फरक आम्ही चालवून घेतो, त्याच्या वर नाही. पण जास्त म्हणजे चांगलं असंही नाही हां. मुंबई-कोकणात पावसाळ्यात 700 चा टॉवेल दोन दिवस ओला राहतो आणि वास मारतो, तिकडच्या गिऱ्हाइकांना आम्ही 400-450 च देतो, भारी मागितला तरी आधी हे सांगतो. दुकानात हाताला एकदम लोण्यासारखा लागणारा टॉवेल बऱ्याचदा सॉफ्टनरचा असतो, त्यावर पाण्याचा थेंब टाका, थेंब मोत्यासारखा बसून राहिला तर सॉफ्टनर आहे, दोन-तीन धुण्यात जातो, फक्त घरी परत कम्फर्ट वगैरे घालू नका.

राहिला कंपनीचा प्रश्न. काट्याने आकडा पकडता येतो पण कापूस कुठला ते घरी कळत नाही, तिथे बनवणाऱ्यावरच विसंबावं लागतं. आणि मोठं नाव म्हणजे सगळं आपोआप आलं असं नाही. 2016 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या टार्गेट या दुकानांच्या साखळीने आपल्या भारतातल्या वेलस्पन या चादरी बनवणाऱ्या कंपनीबरोबरचा व्यवहार तोडला, कारण इजिप्शियन कॉटन म्हणून दिलेल्या साधारण साडेसात लाख चादरी-उशांच्या खोळींमध्ये दुसराच कापूस निघाला. वेलस्पनने मग बाहेरच्या फर्मकडून तपासणी करून घेतली आणि कापूस कुठून आला ते शेवटपर्यंत नोंदवणारी वेल-ट्रॅक नावाची पद्धत आणली. आम्हाला विचाराल तर असा माग दाखवू शकणारा मेकर बघा. आपल्याजवळ कोल्हापूरला इंडो काउंट बेडशीट बनवते, टॉवेलमध्ये पंजाबच्या बर्नाल्याची ट्रायडेंट मोठी आहे, आणि आपला सोलापुरी टेरी टॉवेल आहेच, त्याला जीआय मिळालेला आहे, पण जीआय गावाची आणि पद्धतीची खूण आहे, वजनाची नाही, तो पण काट्यावर ठेवा. ओको-टेक्सचं लेबल असेल तर कापडात घातक केमिकल नाहीत याची तपासणी झालेली असते, त्यावरचा नंबर त्यांच्या साइटवर टाकून बघता येतो, पण थ्रेड काउंटबद्दल ते लेबल काहीच बोलत नाही. आणि पाकिटावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ताच नसेल तर आकडा कितीही असो, ठेवून द्या.

आमच्या प्रत्येक पाकिटावर काउंट, सुताचा नंबर, पदर आणि धुतल्यानंतरचं वजन चारही लिहिलेलं असतं. काउंटरवर काटा आणि भिंग ठेवलेलं आहे, दुसरीकडून घेतलेलं असेल तरी घेऊन या, मोजून देऊ, पैसे लागत नाहीत.